झुडपातला तो तपकिरी वटवट्या: फोटोवरून ओळख कशी पटवायची

ऑक्टोबर लागला की मुंबईतल्या नवख्या पक्षीनिरीक्षकांच्या कॅमेऱ्यात एक पक्षी हमखास येतो. चिमणीहून लहान, वरून तपकिरी, खालून मळकट पांढरा. पंखावर पट्टा नाही, छातीवर ठिपका नाही, डोक्यावर तुरा नाही. पुस्तक उघडावं तर तसलेच दहा पक्षी एका पानावर बसलेले असतात. मग फोटो 'वॉर्बलर' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहतो.

मराठीत या मंडळींना सरसकट वटवट्या म्हणतात. सगळे वटवटे एका लेखात उरकता येणार नाहीत आणि तसा प्रयत्न करूही नये. म्हणून मी मुंबईत सगळ्यात जास्त घोळ घालणारं त्रिकूट घेतो: ब्लाइथ्स रीड वॉर्बलर, बूटेड वॉर्बलर आणि साइक्स वॉर्बलर. तिघेही हिवाळी पाहुणे आणि तिघेही साधे तपकिरी. यातला ब्लाइथ्स एकदा पक्का ओळखता आला की उरलेले दोघे आपोआप वेगळे दिसू लागतात, कारण मुंबईत हिवाळ्यात झुडपात सापडणारा साधा तपकिरी वटवट्या बहुतेक वेळा ब्लाइथ्सच असतो.

फोटो उघडण्याआधी

सुरुवात चोचीपासून किंवा भुवईपासून करू नका. आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: तारीख, जागा आणि पक्षी नेमका कशावर बसला होता. 'भांडुप' एवढं लिहून भागत नाही. 'भांडुप, बांधावरची विलायती बाभूळ, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, शेजारी तिवरं' असं लिहिलंत तर निम्मं काम झालं.

तारखेचं महत्त्व असं. ब्लाइथ्स रीड वॉर्बलरची वीण फिनलंड, बाल्टिक देशांपासून रशिया, सायबेरिया आणि मध्य आशियापर्यंत होते. आपल्याकडे तो ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात यायला लागतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. थोडे मागे राहिलेले मेच्या सुरुवातीलाही दिसतात. बूटेडची वीण रशिया आणि कझाकस्तानच्या गवताळ, झुडपी प्रदेशात होते, तर साइक्सची इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया या कोरड्या पट्ट्यात. हे दोघेही पावसाळा सरताना येतात आणि वसंतात परत जातात. म्हणजे जून-जुलैच्या पावसात मुंबईत तपकिरी वटवट्याचा फोटो मिळाला, तर या तिघांपैकी कुणाचंही नाव त्याला सहज चिकटवू नये. त्या दिवसांत तो बहुधा इथलाच रहिवासी असतो: साधा वटवट्या म्हणजे प्लेन प्रिनिया, शिंपी, किंवा पाणकणसात राहणारा मोठा क्लॅमरस रीड वॉर्बलर.

जागेचा उपयोग दोन पातळ्यांवर होतो. पहिली पातळी नकाशाची. इंटरनेटवर शोधताना युरोपातल्या पक्ष्यांची पानं आधी समोर येतात आणि तिथे ब्लाइथ्सशेजारी मार्श वॉर्बलर हा जवळपास तसाच दिसणारा पक्षी असतो. युरोपातल्या निरीक्षकांची सगळी शक्ती या दोघांना वेगळं करण्यात जाते. मार्श वॉर्बलर हिवाळ्यात आफ्रिकेत जातो, त्यामुळे आपण ते पान सरळ उलटावं. कॉमन रीड वॉर्बलरचं मात्र थोडं वेगळं आहे. तोही मुख्यतः आफ्रिकेकडे जाणारा, पण अलीकडच्या वर्षांत पश्चिम भारतातून त्याच्याही नोंदी झाल्या आहेत. नवख्याने त्याच्या मागे लागू नये. फक्त ब्लाइथ्स इथे नसण्याच्या दिवसांत खारफुटीत किंवा बोरूत एखादा लहान रीड वॉर्बलर गाताना दिसला, तर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि जाणकाराला दाखवावा.

दुसरी पातळी झाडाझुडपांची, आणि मुंबईत ती फार कामाची आहे. नावात 'रीड' असलं तरी ब्लाइथ्सला बोरू-लव्हाळ्याची गरज नाही. सोसायटीच्या मेंदीचं कुंपण, राणीच्या बागेतली दाट झुडपं, आरेतली घाणेरी, नॅशनल पार्कमधली करवंदीची जाळी, कुठेही तो असतो. सावली आणि दाटी मिळाली की झालं. बूटेडला त्याउलट उघडी, कोरडी जागा आवडते: विरळ बाभळी, सुकं गवत, बोरीची झुडपं. साइक्स बाभळीत असतोच, शिवाय खाडीकाठच्या खारफुटीतही रमतो. क्लॅमरस पाणकणीस आणि खारफुटी सोडून फारसा भटकत नाही. पॅडीफील्ड वॉर्बलर हा आणखी एक भाऊबंद ओल्या उंच गवतात, बोरूत आणि भातखाचरांच्या कडेला सापडतो.

हे वाचून 'मेंदीच्या कुंपणात होता म्हणजे ब्लाइथ्स' असा निकाल लावू नका. अधिवास संशयितांची यादी लहान करतो, निकाल पिसं आणि चोच देतात. स्थलांतराच्या दिवसांत, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये, थकलेला पक्षी मिळेल त्या झुडपात उतरतो.

पहिली चाळणी: जे नाहीत ते बाजूला काढा

आता फोटो बघा, पण अजून बारकाव्यात जाऊ नका. शेपटी अंगाच्या मानाने लांब, पायऱ्यापायऱ्यांची आणि पिसांच्या टोकाला फिकट ठिपके असलेली दिसली तर तो प्रिनिया. पाठ हिरवी आणि कपाळ तांबूस असेल तर शिंपी. डोकं राखाडी, गळा स्वच्छ पांढरा आणि कानाजवळ काळपट छाया असेल तर लेसर व्हाइटथ्रोट. पाठ हिरवट, भुवई लांब पिवळसर आणि पंखावर बारीकसा फिकट पट्टा असेल तर तो ग्रीनिश किंवा त्याच्या जवळचा लीफ वॉर्बलर. त्या कुळाचा गुंता वेगळा आहे, इथे नको.

क्लॅमरस बाजूला काढणं बहुतेक वेळा सोपं जातं. तो बुलबुलाच्या जवळपास जाणारा, 18 ते 20 सेंटीमीटरचा दांडगा पक्षी आहे. ब्लाइथ्स जेमतेम 13-14 सेंटीमीटरचा. अडचण एवढीच की फोटोत आकार कळत नाही. लांब लेन्सने जवळून काढलेला ब्लाइथ्स पूर्ण चौकट भरून टाकतो आणि रुबाबदार दिसतो. म्हणून पक्षी ज्यावर बसलाय त्याकडे बघा. बाभळीच्या पर्णिका, तिवराचं पान, पाणकणसाचा दांडा यांची मापं आपल्याला ठाऊक असतात. क्लॅमरसच्या पायाखाली पाणकणसाचं पान चक्क वाकलेलं दिसतं. त्याची चोचही लांब आणि जाड, आणि डोकं मोठं व लांबट असतं.

भुवई: कुठे सुरू होते यापेक्षा कुठे संपते

आता आपल्या त्रिकुटाकडे वळू. डोळ्यावरची फिकट रेघ, जिला आपण भुवई म्हणतो, ती तिघांनाही असते. ब्लाइथ्सची भुवई चोच आणि डोळा यांच्यामध्ये सगळ्यात ठळक असते, तिथे ती किंचित फुगीर दिसते आणि डोळ्यावर पोचताच विरून जाते. डोळ्यामागे ती जवळपास नसतेच. बूटेडची भुवई डोळ्याच्या मागेही स्पष्ट जाते आणि बऱ्याचदा तिच्या वरच्या काठाला गडद छटा असते, त्यामुळे चेहरा जरा रेखीव, लीफ वॉर्बलरसारखा वाटतो. साइक्स मधला: भुवई डोळ्याच्या थोडी मागे जाते, पण फिकट आणि अस्पष्ट, वरची गडद कड जवळपास नसते. पॅडीफील्डची भुवई या सगळ्यांत रुंद आणि पांढरी, डोळ्यामागे आणखी रुंदावणारी, वर गडद कड आणि पार्श्वभाग तांबूस. चांगल्या फोटोत पॅडीफील्ड चुकणं कठीण आहे.

ही खूण वापरताना दोन अडचणी येतात आणि दोन्ही फोटोच्याच आहेत. पहिली कोनाची. पक्ष्याने मान आपल्याकडे वळवली असेल तर डोळ्यामागचा भाग आखडलेला दिसतो आणि आखूड भुवई लांब वाटते. त्यामुळे भुवईबद्दलचा निर्णय फक्त त्याच फ्रेमवर घ्यावा जिच्यात चोच सरळ डावीकडे किंवा उजवीकडे आहे. दुसरी अडचण फोनची आणि एडिटिंगची. शार्पनिंग वाढवलं की फिकट आणि गडद भागांच्या सीमेवर सॉफ्टवेअर स्वतःहून एक काळसर रेघ उमटवतं. भुवईच्या वर दिसणारी ती कड पक्ष्याची नसून प्रोसेसिंगची असू शकते. शंका आली तर मूळ फाइल, न कापलेली, न सुधारलेली, उघडून तपासा. फांदीच्या कडेलाही तशीच काळी रेघ दिसत असेल तर ती शार्पनिंगचीच.

चोच

ब्लाइथ्सची चोच लांब आणि बऱ्यापैकी भक्कम असते. कपाळ सपाट आणि उतरतं असल्याने चोच-डोकं एकाच निमुळत्या रेषेत आल्यासारखं दिसतं. खालची चोच फिकट, टोकाकडे अस्पष्ट गडद. बूटेडची चोच छोटी आणि बारीक, डोकं गोल, आणि खालच्या चोचीचं टोक गडद. साइक्सची चोच बूटेडहून लांब, आणि खालची चोच बहुधा अख्खी फिकट, टोकाला फार तर हलकीशी छाया.

इथे 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. खालच्या चोचीच्या टोकाचा रंग एकट्याने कधीच निकाल देत नाही. पक्षी कीटक धरून असेल, चोच ओली असेल किंवा उजेड मागून येत असेल तर टोक हवं तसं दिसतं. चोचीची लांबी मात्र भरवशाची आहे, तीही पक्षी पूर्ण कडेने दिसत असेल तरच. चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंतचं अंतर स्क्रीनवर बोटांत धरा आणि ते चोचीवर लावून बघा. ओळखीच्या ब्लाइथ्सच्या चार-पाच फोटोंवर हे करून पाहिलंत की बूटेडची आखूड चोच समोर आल्यावर नजर आपोआप थबकते.

शेपटीखालचा भाग, ज्याकडे कुणी बघत नाही

माझ्या मते फोटोवरून ब्लाइथ्स आणि बाकी दोघे वेगळे करायला सगळ्यात उपयोगी जागा शेपटीखाली आहे, आणि नवखे नेमका तो भाग कापून फोटो पाठवतात. पोटाच्या शेवटाला, शेपटीच्या मुळाखाली पिसांचा एक थर असतो. त्याला इथे आपण शेपटीखालची पिसं म्हणू. ब्लाइथ्समध्ये ही पिसं लांब असतात, शेपटीच्या बऱ्याच भागापर्यंत पोचतात आणि शेपूट मुळाशी जाड, भरीव वाटते. बूटेड आणि साइक्समध्ये ती आखूड असतात. त्यामुळे त्यांची शेपूट अंगातून काडीसारखी बाहेर आलेली दिसते.

मग शेपटीचं टोक बघा. ब्लाइथ्सचं टोक गोलाकार, कारण कडेची पिसं मधल्यांपेक्षा आखूड असतात. बूटेड-साइक्सचं टोक चौकोनी कापल्यासारखं, आणि सगळ्यात बाहेरच्या पिसांना फिकट कड असते. ही कड खालून किंवा शेपूट किंचित पसरलेली असतानाच कळते.

या एका कारणासाठी फोटो काढताना सवय बदला. पक्षी समोर आला की चेहऱ्यावर फोकस करून एक फोटो घेऊन थांबू नका. तो झुडपात वर चढत असताना, पाठमोरा असताना, शेपूट उडवत असताना सलग फ्रेम घ्या. हे पक्षी क्षणभरही स्थिर राहत नाहीत, म्हणून शटर स्पीड 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा, मग फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. दाणेदार पण स्थिर फोटोत शेपटीचा आकार कळतो. गुळगुळीत पण हललेल्या फोटोत काहीच कळत नाही. गळा आणि पोट जळून पांढरंफटक झालं तर फिकट कडा हरवतात, त्यामुळे ऊन असेल तेव्हा एक्सपोजर थोडं कमीच बरं.

रंग शेवटी

नवखा रंगापासून सुरुवात करतो. मी रंग अगदी शेवटी बघतो. ब्लाइथ्स वरून राखट-ऑलिव्ह तपकिरी असतो, अख्खी पाठ, पंख आणि शेपूट एकाच रंगाची, कुठेही उठाव नाही. बूटेड जास्त फिकट, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचा, आणि त्याच्या मिटलेल्या पंखावरच्या मोठ्या पिसांचे मधले भाग गडद असल्याने पंखावर किंचित नक्षी दिसते. साइक्स फिकटच, पण राखाडीकडे झुकणारा आणि बूटेडपेक्षा सपाट रंगाचा. पाय ब्लाइथ्सचे गडद राखट, इतर दोघांचे फिकट गुलाबीसर तपकिरी.

पण हे सगळं सकाळी आठच्या सरळ उजेडातलं. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात ब्लाइथ्स तांबूस दिसतो, दाट पानांखाली हिरवा दिसतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फ्रेमला वेगळा रंग देतो. एकाच पक्ष्याच्या लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये मला वेगळे रंग दिसले आहेत. फोटोत एखादी सुकी करडी फांदी किंवा सिमेंटचा खांब असेल तर आधी तो करडा दिसतोय का ते बघा. तो पिवळा दिसत असेल तर पक्ष्याचा रंग विचारात घेऊ नका.

ऋतूचाही रंगावर परिणाम होतो. सप्टेंबरात येणाऱ्या प्रौढ ब्लाइथ्सची पिसं उन्हाळाभर वापरून झिजलेली असतात. तो फिकट, राखट आणि भुवई पुसट झालेला दिसतो. त्याच वेळी आलेलं त्या वर्षीचं पिल्लू ताज्या पिसांचं, जरा उबदार तपकिरी असतं. प्रौढ इथे हिवाळ्यात पिसं बदलतात आणि परत जाताना पुन्हा ताजेतवाने दिसतात. सप्टेंबरच्या फोटोची तुलना मार्चच्या फोटोशी करून 'हा वेगळा आहे' असं म्हणण्यात म्हणून अर्थ नाही.

एक फोटोसंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत

माझ्या एका मैत्रिणीने नोव्हेंबरच्या मध्यावर भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावरून काढलेल्या पाच फ्रेम मला पाठवल्या. वेळ सकाळची, पक्षी बांधावरच्या विलायती बाभळीत खालच्या फांद्यांवर, पलीकडे तिवरं. तिचा अंदाज होता बूटेड, कारण 'भुवई लांब आहे आणि बाभळीत होता'.

तारीख तिघांनाही चालते. जागा कोरडी बाभूळ आणि खारफुटी यांच्या सीमेवरची, म्हणजे बूटेड, साइक्स, ब्लाइथ्स, आणि शेजारच्या खारफुटीमुळे क्लॅमरससुद्धा. बाभळीच्या पर्णिकांशी तुलना केल्यावर पक्षी लहानच होता, चोचही क्लॅमरसएवढी नव्हती, म्हणून तो गेला. उरले तिघे.

पहिली फ्रेम सगळ्यात देखणी होती आणि तिच्या अंदाजाचं मूळही त्याच फ्रेममध्ये होतं. पक्ष्याने मान आमच्याकडे तिरकी वळवलेली, आणि त्यामुळे भुवई कानापर्यंत गेल्यासारखी वाटत होती. पाचव्या फ्रेममध्ये मात्र पक्षी पूर्ण कडेने होता. फांदीचा तुकडा पाठीवर आल्याने ती फ्रेम तिने बाजूला ठेवली होती. त्यात भुवई चोचीपासून डोळ्यापर्यंत ठळक, डोळ्याच्या मागच्या काठाशी संपलेली, वर गडद कड नाही. याच फ्रेममध्ये चोच लांब आणि कपाळ उतरतं दिसत होतं. बूटेडच्या विरोधात एवढं पुरेसं होतं.

आता ब्लाइथ्स की साइक्स? खालच्या चोचीच्या टोकाला गडद छाया होती. ती ब्लाइथ्सकडे झुकते, पण साइक्समध्येही हलकी छाया असू शकते, म्हणून तिच्यावर भार टाकला नाही. रंग राखट ऑलिव्ह वाटत होता, पण बाभळीच्या पानांचा हिरवा परावर्तित उजेड पोटावर स्पष्ट दिसत होता, त्यामुळे तोही सोडला. तिसरी फ्रेम खालून घेतलेली होती. चेहरा पानाआड गेलेला, म्हणून तिने ती डिलीट करायच्या यादीत टाकली होती. त्या फ्रेममध्ये शेपटीखालची पिसं शेपटीच्या निम्म्याहून पुढे गेलेली, टोक स्पष्ट गोल, आणि बाहेरच्या पिसांना फिकट कड नाही. पाय गडद. इथे प्रश्न संपला: ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. दुसऱ्या फ्रेममध्ये शेपूट पानामागे होती, चौथी हललेली होती; त्यांची गरज पडली नाही.

तिने टिपणात 'चक्, चक् असा आवाज' असंही लिहिलं होतं. ब्लाइथ्स तसाच सुटा, कोरडा 'चक्' काढतो, पण बूटेड आणि साइक्सचे सुटे आवाजही कानाला फार वेगळे लागत नाहीत. म्हणून तो आवाज मी दुजोरा म्हणून घेतला, पुरावा म्हणून घेतला नाही.

त्याच सकाळी पलीकडच्या सुक्या गवतात तिला आणखी एक पक्षी मिळाला होता, फिकट वाळूच्या रंगाचा, दोनच फ्रेममध्ये. शेपटीखालची पिसं आखूड, टोक चौकोनी, बाहेरची कड फिकट. म्हणजे ब्लाइथ्स नाही हे नक्की. भुवई डोळ्याच्या थोडी मागे जात होती, पण वरची कड गडद आहे की नाही हे दाण्यांमुळे ठरवता येईना. चोच मध्यम लांबीची वाटत होती, पण पक्षी अर्धवट वळलेला होता. सुकं गवत बूटेडकडे बोट दाखवतं, चोच साइक्सकडे. अशा वेळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर `Booted/Sykes's Warbler` हा पर्याय तयार असतो आणि तो निवडणं हीच त्या नोंदीची बरोबर ओळख आहे.

कुठे थांबायचं

बूटेड आणि साइक्स हे पूर्वी एकाच जातीचे दोन प्रकार मानले जायचे. साइक्सचं वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी 1832 मध्ये आपल्याच दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत केलं होतं. दोघांच्या मापांत आणि रंगांत बरीच सरमिसळ होते, त्यामुळे मुंबईत घेतलेल्या फोटोंपैकी काही कायम मधलेच राहणार. चोच आखूड, भुवई लांब, वर गडद कड आणि पंखात उठाव, या चारही खुणा एकत्र आल्या तर बूटेड लिहा. चोच लांब, शेपूट लांब, भुवई पुसट आणि रंग सपाट राखट, या चारही खुणा जुळल्या तर साइक्स लिहा. दोन इकडच्या आणि दोन तिकडच्या असतील तर तिरकी रेघ असलेला पर्याय.

ब्लाइथ्सलाही एक मर्यादा आहे, आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1867 मध्ये अॅलन ह्यूम यांना सतलजच्या खोऱ्यात एक रीड वॉर्बलर मिळाला. त्याचं नाव लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर. तो एकमेव नमुना सोडला तर ही जात जवळजवळ 140 वर्षं कुणाला माहीतच नव्हती, ती 2006 मध्ये थायलंडमध्ये जाळ्यात सापडली. जाळ्यात सापडली म्हणून कळली, कारण पिसं मोजता आली. बाहेरून ती ब्लाइथ्ससारखीच असते, चोच काय ती थोडी मोठी. असल्या जाती हातात धरून, पंखातल्या प्रत्येक लांब पिसाचं माप घेऊनच ठरवतात. परवानगी असलेले अभ्यासक हे काम रिंगिंग करताना, म्हणजे पक्षी पकडून त्याच्या पायात खुणेचं कडं घालताना, करतात. तुमच्या फोटोतल्या 'जरा जास्तच लांब चोचीच्या' ब्लाइथ्सवरून असा दावा करू नका.

प्रायमरी प्रोजेक्शन, म्हणजे मिटलेल्या पंखात लांब पिसांची टोकं किती बाहेर येतात, हे पुस्तकांत फार महत्त्वाचं सांगितलेलं असतं. आपल्या या त्रिकुटात ते तिघांचंही आखूडच असतं, त्यामुळे फोटोवरून ते मोजण्यात वेळ घालवू नका. युरोपातल्या मार्श वॉर्बलरसाठी त्याचा उपयोग, आणि तो प्रश्न नकाशाने आधीच सोडवला आहे.

नोंद कशी ठेवावी

फोटो अपलोड करताना सुंदर फ्रेमबरोबर कुरूप फ्रेमही टाका: कडेचा चेहरा एक, शेपटीखालचा भाग एक, पाठ एक. कापताना पायांखालची फांदी आणि पानं राहू द्या, कारण आकार त्यांच्यावरूनच कळतो. टिपणात कारण लिहा. 'ब्लाइथ्स, कारण तसाच वाटला' याचा पडताळणाऱ्याला उपयोग नाही. 'भुवई डोळ्यामागे नाही (फोटो 5), शेपटीखालची पिसं लांब आणि टोक गोल (फोटो 3), पाय गडद' असं लिहिलंत तर दहा वर्षांनीही कुणी ती नोंद उघडून तपासू शकेल. पक्षी जमिनीपासून किती उंचीवर होता, झुडूप कोणतं, शेपूट उडवत होता का, हेही दोन शब्दांत लिहा. ते फोटोत दिसत नाही.

जुन्या 'वॉर्बलर' फोल्डरपासूनच सुरुवात करा. आधी मे-जून-जुलैचे फोटो वेगळे काढा. उरलेल्यांतून पूर्ण कडेचा चेहरा आणि शेपटीचं टोक एकाच पक्ष्याच्या फोटोंत मिळतात का, ते शोधा. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत तेवढ्यांवरच आधी काम करा, बाकीचे `warbler sp.` म्हणून राहू द्या. आणि फोनच्या गॅलरीतून हललेले, पानाआडचे, पाठमोरे म्हणून डिलीट केलेले फोटो अजून ट्रॅशमध्ये असतील, तर तेही एकदा चाळून घ्या.